फुस्स झाल्यावर किती फ्रेम थांबायचं? ॲनिमेशनमधला एक पुणेरी गॅग फ्रेम मोजून बसवताना

ॲनिमेशनमधे जोक फसला की बहुतेक जण ड्रॉइंगला दोष देतात, एक्स्प्रेशन अजून मोठं करतात, डोळे बाहेर काढतात, मागे ढॅणटॅढॅण म्युझिक टाकतात, आणि तरी कुणी हसत नाही. पोरांच्या फाइल्स उघडून बघितल्या की दहातल्या आठ वेळा प्रॉब्लेम एकच असतो. जी घटना घडते (पडणं, फुटणं, आपटणं) तिला भरपूर फ्रेम दिलेल्या असतात आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या शांततेला काहीच नाही. पाहिजे असतं नेमकं उलटं. घटना झटक्यात उरकायची आणि वेळ खर्च करायचा तो ज्याच्यावर ती घडली त्याच्या चेहऱ्यावर, कारण माणसं टायर पंक्चर झाल्यावर हसत नाहीत, टायर पंक्चर झालाय हे ज्याला आत्ता कळतंय त्याच्याकडे बघून हसतात.

हे नुसतं सांगून उपयोग नाही म्हणून एकच छोटा गॅग घेऊ आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसवू. सगळे आकडे सेकंदाला 24 फ्रेम धरून आहेत. तुम्ही 25 वर काम करत असाल तरी काही फरक पडत नाही, तेच आकडे वापरा.

आधी गॅग काय आहे ते

सदाशिव पेठेतला जुना वाडा. फाटकावर पाटी: "येथे गाडी लावू नये. हवा सोडली जाईल." ओट्यावर काका पेपर वाचतायत. एक पोरगा गाडीवर येतो, पाटी वाचतो, इकडेतिकडे बघतो, काकांचं लक्ष नाही असं बघून गाडी स्टँडला लावतो आणि चालायला लागतो. दोन पावलं टाकतो तोच मागून "फुस्स्स". वळून बघतो तर काका जसेच्या तसे, पेपर वाचत, आणि गाडीचं मागचं चाक बसलेलं. पोरगा हसतो, सॅकमधून पायपंप काढतो, हवा भरतो, हात झटकतो. काका पेपरातून मान वर न करता हात लांब करून पाटी उलटी करतात. मागे लिहिलंय: "पंप असल्यास दोन्ही." पोरगा काकांकडे बघतो, काकांचे दोन्ही हात पेपरवर आहेत, पोरगा निवांत होतो, आणि परत "फुस्स्स". गाडीच्या मागून काकू उभ्या राहतात, हातात चहाचा कप.

म्हणजे यात तीन जागा आहेत. पहिल्या फुस्सनंतरचा पॉज, मधल्या काकांची काहीच-न-करण्याची रिॲक्शन, आणि शेवटचं सरप्राइज. बाकी सगळं नुसतं तिथपर्यंत पोचवायचं काम करतं.

पायरी पहिली: ड्रॉइंग नको, आधी आवाज

स्टॉपवॉच घ्या, मोबाइलवरचं चालेल, आणि अख्खा गॅग उभं राहून स्वतः करा. तोंडाने आवाज काढत. खट (स्टँड), टप, टप, फुस्स्स. लाज वाटेल तर दार लावून करा, पण करा, कारण विनोदाची लय आधी कानाला कळते आणि मग डोळ्याला. हे रेकॉर्ड करून तो ओबडधोबड साउंड ट्रॅकच टाइमलाइनवर टाका आणि त्याच्याखाली शॉटला एक या हिशोबाने आगपेटीएवढी चित्रं लावा. झाला तुमचा ॲनिमॅटिक. ही स्टेज टाळून डायरेक्ट कॅरॅक्टर हलवायला घेतलं की पुढे पॉज वाढवताना मन होत नाही, कारण तोपर्यंत त्या हालचालीवर दोन दिवस गेलेले असतात.

एक गोष्ट इथेच नक्की करून टाकायची, ती म्हणजे वाचायचा वेळ. पाटी पडद्यावर आली की प्रेक्षक दुसरं काही बघत नाही, वाचतो. साधा हिशोब असा की मनातल्या मनात, घाई न करता, दीड ते दोन वेळा वाचून होईल एवढा वेळ द्यायचा. पहिली पाटी सात शब्दांची आहे, तिला 60 फ्रेम म्हणजे अडीच सेकंद दिले. तुम्हाला हे लांबट वाटेल कारण पाटी तुम्हीच लिहिलीये. दुसरी पाटी मुद्दाम तीन शब्दांची ठेवलीये कारण तिथे पंच आहे आणि पंचच्या जागी प्रेक्षक वाचत बसला की मेला जोक. शिवाय "दोन्ही" हा शब्द शेवटी आहे ते बघा. "दोन्ही चाकांची हवा सोडली जाईल, पंप असल्यास" असं लिहिलं असतं तर जोक दुसऱ्या शब्दालाच फुटला असता आणि पुढचं वाक्य नुसतं फरफटत गेलं असतं. पाट्या लिहिणाऱ्या पेठेतल्या मंडळींना हे कुणी शिकवायला लागलेलं नाही.

पायरी दुसरी: पहिला पॉज

आता पोरगा स्टँड लावून कॅमेऱ्याकडे चालत येतोय, गाडी त्याच्या मागे फ्रेमच्या बाहेर. फ्रेमिंग गुडघ्यापासून वरचं ठेवा. याहून लांब गेलात तर मोबाइलवर डोळे दिसणार नाहीत, आणि या शॉटमधे डोळ्यांनाच काम आहे.

साधं चालणं म्हणजे एका पावलाला 12 फ्रेम. शॉटच्या 12 व्या फ्रेमला पहिलं पाऊल टेकतं, 24 ला दुसरं. प्रेक्षकाच्या कानाने आता लय पकडली, तिसरं 36 ला येणार हे त्याला न सांगता कळलंय. तिसरा पाय हवेत असताना, 30 व्या फ्रेमला, फुस्स सुरू होतं. आणि पोरगा थांबतो 34 ला. हे मधलं चार फ्रेमचं अंतर विसरू नका. आवाज आणि थांबणं एकाच फ्रेमला ठेवलं तर पोराला आधीच माहीत होतं असं दिसतं, म्हणजे पोरगा नाही, ॲनिमेटरच त्याला दोरीने ओढतोय असं वाटतं. कानात जाऊन डोक्यात पोचायला एवढा वेळ लागतोच. दहा-बारा फ्रेम केलात तर मात्र पोरगा मंद वाटायला लागेल, जो वेगळा जोक आहे.

36 वी फ्रेम येते आणि पाऊल पडत नाही. पाय हवेतच. ही जी चुकलेली टप आहे ना, तिथे पहिली गुदगुली होते.

फुस्स एक सेकंद चालू द्या, 54 पर्यंत. पोरगा पूर्ण थांबलेला, फक्त आवाज चालू, आणि तो आवाज बारीक होत होत संपतो. आता सगळ्यात महत्त्वाचे फ्रेम येतात. आवाज संपल्यावर अजून आठ फ्रेम काहीही करायचं नाही. कॅरॅक्टर नाही, बॅकग्राउंड नाही, झाडाचं पान नाही. याच आठ फ्रेममधे प्रेक्षक पाटीची आठवण काढतो, चाकाशी जोड लावतो, आणि पोराच्या आधी त्याला कळतं. प्रेक्षकाला पोराच्या किंचित आधी कळलं पाहिजे, एकदम बरोबर नाही आणि फार आधीही नाही. मग 62 ला फक्त बुबुळं बाजूला सरकतात, दोन फ्रेममधे, टक्कन. डोकं हलत नाही. दहा फ्रेम तसाच. एक पापणी, सहा फ्रेमची (दोनमधे मिटली, एक थांबली, तीनमधे उघडली). मग डोकं वळायला लागतं आणि वळणं अर्ध्यात असतानाच कट.

आठच का? खरं सांगायचं तर आठ हा काही मंत्र नाही. तीन व्हर्जन काढा, शून्य, आठ आणि वीसची. शून्यला पोरगा फार हुशार वाटतो, झटकन कळलं त्याला, मग हसायचं कुणाला. वीसला एक क्षण असा येतो की बघणारा विचार करतो व्हिडिओ अडकला की काय. तुमच्या कॅरॅक्टरप्रमाणे आकडा सहा निघेल नाहीतर बारा, पण तिन्ही शेजारीशेजारी बघितल्याशिवाय तो सापडत नाही आणि शेवटी दोन फ्रेमच्या फरकावर येऊन भांडण होतं, ते होऊ द्यावं.

या जातीच्या मोजमापाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कार्टून दिग्दर्शक चक जोन्स यांचं. त्यांचा तो रोड रनरच्या मागे धावणारा, कोल्ह्यासारखा कायोटी कड्यावरून पडायचा तेव्हा खाली खाली जात दिसेनासा व्हायला 18 फ्रेम, आणि मग 14 फ्रेम काहीच नाही, त्यानंतर खाली धुळीचा छोटासा ढग. ढग सगळ्यांच्या लक्षात राहतो पण खरं काम मधले 14 फ्रेम करतात, कारण त्या वेळात आपटणं आपण डोक्यात आधीच बघून टाकलेलं असतं.

सॉफ्टवेअरमधे पॉज गळतो, तो कसा

ब्लेंडरचं उदाहरण घेतो कारण पोरांकडे तेच असतं. सुरुवातीला सगळ्या की, म्हणजे पोझ नोंदवलेल्या खुणा, निवडून डोपशीटमधे `T` दाबून `Constant` करा. म्हणजे एका पोझवरून दुसरीवर टक्कन उडी, मधे काही नाही. टायमिंग याच अवस्थेत पक्कं करायचं. पॉज वाढवायचा असेल तर प्लेहेड तिथे नेऊन `]` दाबा, पुढच्या सगळ्या की निवडल्या जातात, मग `G` आणि जेवढे फ्रेम हवेत तो आकडा. साउंड स्ट्रिप यासोबत सरकत नाही हं, ती सिक्वेन्सरमधे जाऊन वेगळी सरकवावी लागते, आणि हे विसरलं की फुस्स भलतीकडेच होतं आणि माणूस अर्धा तास डोकं खाजवतो. प्लेबॅक `Sync to Audio` वर ठेवा, नाहीतर सीन जड असला की सॉफ्टवेअर हळू चालवतं आणि तुम्ही खोट्या स्पीडवर निर्णय घेत बसता. शंका आली तर छोटा व्हिडिओ काढून मोबाइलवर बघा.

पुढे `Constant` चं `Bezier` केलं की गंमत सुरू होते. थांबलेल्या पोझला तुम्ही एकच की दिलेली असेल तर सॉफ्टवेअर त्या की पासून पुढच्या की पर्यंत हळूहळू सरकत जातं. म्हणजे तुमचा 28 फ्रेमचा दगडासारखा पॉज आता 28 फ्रेमची सुस्त तरंगणारी हालचाल झालेला असतो. जोक काल होता, आज नाही, आणि का गेला ते कळत नाही, त्याचं कारण नव्वद टक्के हेच. उपाय सोपा, तीच पोझ पॉजच्या सुरुवातीला आणि शेवटाला अशी दोनदा की करा आणि ग्राफमधे मधली रेष आडवी आहे ना ते डोळ्याने बघा.

मग प्रश्न येतो की थ्रीडी कॅरॅक्टर एकदम थांबलं की मेल्यासारखं दिसतं त्याचं काय. हातानं काढलेलं चित्र पूर्ण थांबलं तरी चालून जातं, थ्रीडी मात्र सेकंदाच्या आसपास निर्जीव वाटायला लागतं. तर पहिल्या थांबलेल्या पोझला आणि शेवटच्या पोझला अगदी नखभर फरक ठेवा, हनुवटी किंचित खाली, छातीत श्वास अडकल्यासारखा. पण इतकाच की बघणाऱ्याने विचारलं "काही हललं का" तर त्याला सांगता येऊ नये. आणि आपल्या शॉटमधे वर उचललेला गुडघा किंचित थरथरू द्यायचा मोह होईल. नका करू. नजर गुडघ्याकडे जाईल आणि तिकडे बुबुळं सरकून जातील, कुणी बघितलीच नाहीत. एका वेळी एकच गोष्ट हलते, बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं.

पायरी तिसरी: काका

काकांचा शॉट करायला सगळ्यात सोपा आणि बिघडवायला पण. कट झाल्यावर काका पहिल्या वाइड शॉटमधे होते तश्शीच पोझ पाहिजे, मिलिमीटरचा फरक नको, तेच ड्रॉइंग परत वापरा. गाडीचं मागचं चाक बसलेलं. 30 फ्रेम काहीच नाही. मग काका पेपरचं पान उलटतात, शांतपणे, बारा-चौदा फ्रेममधे. बास.

इथे प्रत्येकाला वाटतं काकांनी मिशीतल्या मिशीत हसावं, निदान भुवई उडवावी. ते केलंत की काका "मी जोक करतोय" म्हणून सांगायला लागतात. एक जण उडतो आणि दुसरा ढिम्म, यातच सगळं आहे. मोठी रिॲक्शन, म्हणजे ॲनिमेशनवाले ज्याला टेक म्हणतात, आधी चार-पाच फ्रेम आकसून खाली, मग तीन फ्रेममधे ताणून वर, दोन फ्रेम जास्तच वर आणि मग सहा-आठ फ्रेममधे जागेवर, ती अख्ख्या गॅगमधे एकदाच परवडते. आपण ती शेवटच्या काकूंसाठी राखून ठेवलीये. पहिल्या फुस्सलाच पोराला टुणकन उडवलं तर शेवटी त्याला कुठे उडवणार, वाड्याच्या कौलांवर?

पायरी चौथी: सरप्राइज, आणि ते आधीपासून पेरणं

पंप निघतो तो चटकन, चार फ्रेममधे, पण त्याआधी पोराचं हसू 12 फ्रेम दिसू द्या. काहीतरी येतंय हे चेहऱ्याने सांगायचं, काय येतंय ते नाही. मग पंपाचे तीन दट्टे, प्रत्येकी 12 फ्रेम. मघाशी पावलांची लय मधेच तोडली होती म्हणून यावेळी तोडत नाही, तिन्ही पुरे होऊ देतो, कारण प्रेक्षक आता तिसऱ्याला काहीतरी होणार म्हणून वाट बघत बसलेला असतो आणि होत काहीच नाही. पोरगा हात झटकतो. आणि तेव्हा काकांचा हात येतो, पाटी उलटते, पाच फ्रेम. जुने कार्टून दिग्दर्शक टेक्स एव्हरी म्हणायचे की पाच फ्रेममधे डोळ्याला घटना कळते, आणि पाटीसारखी मोठी ठळक वस्तू असेल तर खरंच कळते. पाटीवर 32 फ्रेम थांबा.

आता अवघड जागा. "पंप असल्यास दोन्ही" वाचलं की प्रेक्षकाला माहितीये फुस्स येणार. अपेक्षेच्या जागी ते आलं तर फिस्कटलं. लवकर आणायचं किंवा उशिरा, मधे नाही. लवकर आणलं तर पाटी वाचून व्हायच्या आधीच आवाज येतो आणि गडबड होते, म्हणून उशिरा. पोरगा काकांकडे बघतो, काकांचे दोन्ही हात पेपरवर, 22 फ्रेम तसेच. पोराचे खांदे आठ फ्रेममधे खाली येतात, सुटलो. प्रेक्षकाचे पण येतात. खांदे खाली टेकले की सहा फ्रेमने फुस्स.

पोरगा वळतो, गाडीच्या मागून काकू सहा फ्रेममधे वर येतात. इथे पोराचा तो राखून ठेवलेला टेक. मग काकू कपातला चहा ओढतात, सुर्र, आणि सुर्र संपल्यावर दहा फ्रेमने काळं. काकूंचा आनंद दाखवत बसू नका.

हे सरप्राइज चालतं कारण ते मघाचा एक प्रश्न सोडवतं, की काका पेपर न सोडता हवा सोडून आले कसे. आणि त्याची खूण पहिल्याच वाइड शॉटमधे पाहिजे, ओट्यावर काकांच्या शेजारी चहाचे दोन कप. कुणी बघणार नाही, बघू नये पण, म्हणून ते बाजूला, कमी उजेडात. काकांच्या दुसऱ्या शॉटमधे तिथे एकच कप ठेवा. (तेच ड्रॉइंग परत वापरा म्हटलं होतं ते काकांबद्दल, कपांबद्दल नाही.) खूणच नसेल तर काकू आकाशातून पडल्यासारख्या वाटतात आणि लोक हसण्याऐवजी "ह्या कोण?" विचारतात.

आवाजाबद्दल थोडं

मागे पूर्णवेळ लक्ष्मी रोडची वर्दळ, हॉर्न वगैरे बारीक चालू ठेवा. पहिल्या फुस्सनंतरच्या त्या आठ फ्रेममधे ती एकदम बंद. ही युक्ती एकदाच, दुसऱ्या वेळेस केलीत की पकडली जाते. फुस्सवर म्युझिक नको. सुर्रवर तर अजिबातच नको.

कळणार कसं चाललंय की नाही

स्वतःच्या हसण्यावर जाऊ नका. सतत बघून बघून पंच पाठ होतो आणि पॉज लांब वाटायला लागतात, मग माणूस रोज दोन-दोन फ्रेम कापत जातो आणि आठवड्याने गॅगमधे पॉजच उरत नाही. म्हणून ॲनिमॅटिकला ठरवलेले आकडे कागदावर लिहून ठेवा आणि नवीन माणसाने बघेपर्यंत त्यांना हात लावू नका. एक माणूस एकदाच वापरता येतो, हे लक्षात ठेवून मित्र जपून खर्च करा.

दाखवताना स्क्रीनकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघा. तो 36 च्या आसपास, पाऊल चुकल्यावर हसला तर उत्तम. काकांवर हसला तरी ठीक. फुस्स व्हायच्या आधीच हसला तर पोराने इकडेतिकडे बघताना फार ओव्हरॲक्टिंग केलंय, ते कमी करा. "काय झालं, परत लाव" म्हणाला तर टायमिंगला हात लावू नका, चाक नीट दिसत नाहीये, फ्रेमिंग बदला. या दोन तक्रारी लोक सारख्या गोंधळतात आणि न दिसणाऱ्या चाकासाठी पॉज वाढवत बसतात.

एक मर्यादा मात्र आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका बघायला पुण्यात भरत नाट्य मंदिरात गेलात तर बघा, लाफ्टर आला की चांगला नट थांबतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. आपल्याला ते जमत नाही, आपले फ्रेम आधीच छापलेले. त्यामुळे हा गॅग हॉलमधे दाखवायचा असेल तर काकांच्या 30 च्या 45-50 करा, म्हणजे हशात पान उलटणं बुडणार नाही. मोबाइलवर एकटा बघणारा माणूस मोठ्याने हसत नाही, नाकातून हवा सोडतो फक्त, त्याला 30 पुरेत. दोन एक्सपोर्ट वेगळे काढा, फक्त काका आणि काकूंच्या शॉटची लांबी बदलून. पहिल्या फुस्सनंतरचे आठ तेवढे दोन्हीकडे आठच.